शब्दचर्चा: ‘कोटा मिळवला’ आणि ‘पात्र ठरला’ यांत फरक काय?

भित्तिपत्रकवाली, कोथरूड:
आमच्या वाचनालयात मुलांसाठी दर महिन्याला भित्तिपत्रक निघतं. या वेळचा विषय नेमबाजी. जुन्या बातम्यांच्या आधारे मी लिहिलं, ‘ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील 2022 साली कैरोच्या जागतिक स्पर्धेत सुवर्णपदक जिंकून पॅरिस ऑलिंपिकसाठी पात्र ठरला.’ सातवीतल्या एका मुलाने ते वाचलं आणि विचारलं, “पात्र ठरला, तर मग पॅरिसला खेळला का नाही?” मला उत्तर देता आलं नाही. दुखापत झाली असेल असं वाटलं, पण तसं काही सापडलं नाही. काही बातम्यांत ‘कोटा मिळवला’ असं आहे. हे दोन शब्दप्रयोग एकाच अर्थाचे आहेत का? आणि ‘कोटा’ला मराठीत नेमकं काय म्हणावं?

पेठेतला अभ्यासिकावाला:
ताई, मला तुमचं वाक्य बरोबर वाटतं. आम्ही राज्यसेवेची पूर्व परीक्षा पास झालो की ‘मुख्य परीक्षेसाठी पात्र’ असंच म्हणतात. पात्र म्हणजे निवड झाली असं नाही, पुढच्या टप्प्यात बसता येतं एवढंच. रुद्रांक्ष पात्र ठरला, पुढच्या निवडीत मागे पडला. शब्द चुकलेला नाही, वाचणाऱ्याने जास्त अर्थ काढला.

अकरावीची आई:
कोट्याचाच विषय निघालाय म्हणून विचारते. माझा मुलगा राज्य पातळीवर खेळलाय. त्याला अकरावीला खेळाडू कोट्यातून प्रवेश मिळेल का? सरकारी नोकरीत 5 टक्के आहे म्हणतात, तोही हाच कोटा ना?

जुना रेंजवाला:
आईसाहेब, तो कोटा वेगळा. तिथे जागा आधी राखून ठेवलेली असते आणि तुमचा मुलगा स्वतःसाठी ती मागतो. इथे खेळाडू जागा जिंकतो, पण ती जमा होते देशाच्या नावावर. प्रवेशासाठी कॉलेजच्या कार्यालयात क्रीडा प्रमाणपत्राची पडताळणी विचारा, त्यावर सगळं अडतं.

आता मूळ प्रश्न. अभ्यासिकावाले, तुमचं निम्मं बरोबर आहे. ‘पात्र’ म्हणजे निवड नव्हे, हे खरं. पण तुमच्या परीक्षेत पूर्व पास झालेला माणूस स्वतः मुख्य परीक्षेला बसतो. त्याचा बैठक क्रमांक दुसऱ्याला देता येत नाही. नेमबाजीत मात्र मिळालेली जागा दुसऱ्याला देता येते. मी बालेवाडीच्या रेंजवर पुष्कळ वर्षं मुलांच्या मागे उभा राहिलोय, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पॅरिससाठी नेमबाजीच्या एका वैयक्तिक प्रकारात एका देशाला जास्तीत जास्त 2 जागा होत्या. कैरोला रायफल-पिस्तुलाच्या प्रत्येक प्रकारात 4 जागा वाटल्या गेल्या. 10 मीटर एअर रायफलमधली एक रुद्रांक्षने आणली, दुसरी पुढच्या वर्षी अर्जुन बबुताने आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत. मग एप्रिल-मे 2024 मध्ये दिल्ली आणि भोपाळला मिळून 4 ट्रायल झाल्या. त्यात संदीप सिंग पहिला, अर्जुन दुसरा, रुद्रांक्ष तिसरा. जागा दोन. जागा न आणलेला संदीप गेला आणि जागा आणणारा घरी राहिला. मुलाला हेच सांगा. दुखापत वगैरे काही नव्हती.

भित्तिपत्रकवाली, कोथरूड:
काका, वाचून वाईट वाटलं. जागतिक विजेत्याने आणलेली जागा दुसऱ्याला, हा अन्याय नाही का?

जुना रेंजवाला:
वाईट मलाही वाटलं होतं. पण कैरो आणि पॅरिस यांत जवळपास 2 वर्षांचं अंतर. या खेळात फॉर्म 2 वर्षं टिकत नाही, हाच ट्रायलवाल्यांचा मुद्दा.

महिला पिस्तुलाचं उदाहरण घ्या, म्हणजे शब्दाचा घोळ पुरता दिसेल. 10 मीटर एअर पिस्तुलच्या दोन जागा आणल्या ईशा सिंग आणि पलक यांनी. 25 मीटरच्या आणल्या मनू भाकर आणि रिदम सांगवान यांनी. ट्रायलनंतर पॅरिसला 10 मीटरमध्ये उतरल्या मनू आणि रिदम, 25 मीटरमध्ये मनू आणि ईशा. म्हणजे मनूचं 10 मीटरचं कांस्य ज्या प्रकारात आलं, त्यातल्या दोन्ही जागा दुसऱ्या मुलींनी कमावलेल्या होत्या. पलक गेलीच नाही. पुढे तर, मनू दोन्हीकडे असल्यामुळे एक जागा मोकळी झाली. ती आंतरराष्ट्रीय संघटनेच्या परवानगीने ट्रॅपकडे वळवली आणि श्रेयसी सिंग गेली. पिस्तुलाची जागा शॉटगनकडे! आता सांगा, ‘पात्र’ कोणाला म्हणायचं?

बीडकर, सध्या हडपसर:
काका, पण सगळ्या खेळांत असं नाही ना? आमचा अविनाश साबळे बघा. स्टीपलचेजला पॅरिसचा निकष होता 8 मिनिटं 15 सेकंद. जुलै 2023 ला त्याने पोलंडमध्ये 8:11.63 वेळ दिली आणि तिथेच काम झालं. त्याने आणलेल्या वेळेवर दुसरा कोणी गेला असता का?

जुना रेंजवाला:
नाही. ॲथलेटिक्समध्ये वेळ किंवा अंतर माणसाचं असतं. निकष गाठला नाही तर जागतिक क्रमवारीतून जाता येतं, तीही त्याचीच. एका देशाचे एका शर्यतीत तिघांपेक्षा जास्त नकोत, एवढी अट. चौघांनी निकष गाठला तर मात्र देशाला निवडावं लागतं, आणि नाव पाठवते ऑलिंपिक संघटनाच. तरी साबळेला ‘पात्र ठरला’ म्हणणं अगदी योग्य.

पेठेतला अभ्यासिकावाला:
मान्य, माझी तुलना नेमबाजीला लागू नाही. पात्रता हा माणसाचा गुण आहे. योग्य माणसाला दिलेल्या दानाला आपण ‘सत्पात्री दान’ म्हणतो. गुण हस्तांतरित होत नाही, जागा होते. मग ‘कोटा’ऐवजी सरळ ‘जागा’ म्हणू. ‘देशासाठी जागा मिळवली.’

जुना रेंजवाला:
लिहिताना म्हणा. रेंजवर मात्र ‘कोटा लागला’ हेच ऐकाल, मुलं घरी फोन करून हेच सांगतात. तो शब्द आता पुसता येणार नाही आणि पुसूही नये असं माझं मत.

आणखी एक फसगत सांगतो. ‘पात्रता फेरी’. कोल्हापूरकडचा आपला स्वप्नील कुसाळे बालेवाडीत घडला. कैरोला 50 मीटर रायफलच्या थ्री पोझिशन प्रकारात तो चौथा आला, पदक हुकलं, पण चौथी आणि शेवटची जागा त्याने देशाला आणली. नंतर ट्रायलही काढली. मग पॅरिसला ‘पात्रता फेरीत 590 गुण, सातवा’ अशी बातमी आली. माझ्या शेजारचे गृहस्थ म्हणाले, “अजून पात्रताच चालू आहे? मग तो तिथे पोचला कसा?” ती फेरी असते ऑलिंपिकच्या आतली, अंतिम फेरीतले 8 जण काढण्यासाठी. पुढे त्यात 451.4 गुणांवर त्याला कांस्य मिळालं, ते सगळ्यांना ठाऊक आहे. मी आतल्या फेरीला ‘प्राथमिक फेरी’ म्हणतो.

बीडकर, सध्या हडपसर:
‘प्राथमिक’ नको. शाळेच्या स्पर्धेतली फेरी वाटते.

अकरावीची आई:
मुलाचं प्रमाणपत्र पडताळणीला दिलं. काका, धन्यवाद. ‘देशासाठी जागा’ हे मला पहिल्या वाचनात कळलं, ‘कोटा’ नव्हता कळला.

भित्तिपत्रकवाली, कोथरूड:
जुन्या वाक्यावर पट्टी चिकटवून असं लिहिलं: ‘रुद्रांक्ष पाटीलने 2022 साली भारतासाठी ऑलिंपिकची एक जागा, म्हणजे कोटा, मिळवला. त्या जागेवर कोण जाणार हे 2024 च्या ट्रायलने ठरलं.’ मुलगा पुन्हा आला. वाचून म्हणाला, “मग त्याला पदकात वाटा मिळतो का?” काका, याला काय सांगू?

जुना रेंजवाला:
पदकात नाही मिळत. पण आमच्या रेंजवर कोणी कोटा आणला की त्याच्या वहीत प्रशिक्षक त्या दिवशीचा स्कोअर लाल शाईने लिहायचे, पुढे तो गेला काय, न गेला काय. मुलाला घेऊन एखाद्या रविवारी बालेवाडीला या, तशी एक वही माझ्याकडे आहे, दाखवतो.