मदत हवी आहे: लोह, कॅल्शियम आणि थायरॉइडच्या गोळ्या, वेळा कशा बसवू?

घड्याळवाली
वहिनींना पाचवा महिना चालू आहे, हिमोग्लोबिन ९.६ आलं. रोज लोहाची एक गोळी, कॅल्शियमच्या दोन आणि थायरॉइडची एक, ती सकाळी ६ ला उपाशीपोटी. विसरायला नको म्हणून लोह आणि एक कॅल्शियम त्या रात्री जेवल्यावर एकत्रच घेतात, दुसरी कॅल्शियम नाश्त्याला. मेडिकलवाले म्हणाले एकत्र घेऊ नका, मग कधी ते नाही सांगितलं. नाश्ता आणि चहा ८.३०, ऑफिसात ११ ला चहा, जेवण १.३०, ५ ला चहा, रात्रीचं जेवण ८.३०, झोप ११. शिवाय डॉक्टरांनी कॅल्शियम ५०० सांगितलं आणि पाकिटावर १२५० आहे. चुकीची दिली का?

आंबोळी
एकत्र घेतल्या की दोन्ही गोळ्या पाण्यात! शरीराला शून्य मिळतं. सोपं आहे, लोह सकाळी उठल्या उठल्या लिंबूपाण्याबरोबर द्या.

खलबत्ता
उठल्या उठल्या नको, तिथे थायरॉइडची गोळी आहे. लोह आणि कॅल्शियम दोन्ही तिला आतड्यात धरून ठेवतात आणि ती रक्तात कमी पोचते. त्यात ४ तासांचं अंतर लागतं, म्हणजे ६ नंतर १० पर्यंत यांतलं काहीच नाही. तेव्हा रात्रीच्या जोडीपेक्षा ८.३० ची कॅल्शियमच मला जास्त खटकते. तुम्ही ते विचारलंही नाहीत.

आणि शून्य मिळत नाही. कॅल्शियम समोर असताना त्या वेळचं लोह कमी शोषलं जातं, इतकंच. कॅल्शियमचं फारसं बिघडत नाही, मार खातं ते लोह. एखाद्या दिवशी चुकलं तर घाबरायचं कारण नाही, रोज चुकणं नको.

१२५० बरोबर आहे. ते कॅल्शियम कार्बोनेटचं वजन, त्यातलं कॅल्शियम ५०० मिग्रॅ. खाली बारीक अक्षरात असेल, बघा. कार्बोनेटला पोटातलं आम्ल लागतं म्हणून ती जेवणाबरोबर घ्यायची. दोन्ही एकदम नकोत, एका वेळी ५०० च्या आसपासच नीट शोषलं जातं. म्हणून एक १.३० ला, एक ८.३० ला.

उरलं लोह. नाश्त्यानंतर अडीच तास, दुपारच्या कॅल्शियमआधी अडीच तास: ११ वाजता. नेमका तिथे चहा आहे! चहाही लोहाला नडतो. तेव्हा ११ ला पाणी, जमल्यास अर्धं लिंबू पिळून, आणि चहा ५ चाच.

घड्याळवाली
पाकीट पाहिलं, खाली ५०० आहे. पण ११ चा चहा सुटणं कठीण 😅 आणि लोहाने त्यांना मळमळतं.

खलबत्ता
मग झोपताना, पावणेअकराला. ८.३० च्या कॅल्शियमला दोन तास होऊन गेलेले असतात आणि मळमळ झोपेत निघून जाते. फक्त गोळी गिळून लगेच आडवं होऊ नये, छातीत जळजळतं. थोडा वेळ बसावं. रात्री दूध पीत असतील तर ते जेवणाबरोबर उरका. शौचाला काळं होईल, ते लोहामुळेच.

दुपारची_झोप
माझ्या सासूबाई ॲसिडिटीची गोळी रोज घेतात, त्यांनाही कॅल्शियम जेवताना का? लोह नाही चालू.

खलबत्ता
वेगळा प्रश्न आहे. आम्ल कमी असेल तर कार्बोनेट नीट विरघळत नाही. सायट्रेट चालेल का ते डॉक्टरांना विचारा, ते जेवणाशिवायही चालतं.

पाटीपेन्सिल
हल्ली लोह एक दिवसाआड द्यायला सांगतात ना? एक गोळी घेतली की लोहाचं शोषण रोखणारं हेप्सिडिन हे संप्रेरक वाढतं आणि दुसऱ्या दिवशीची कमी शोषली जाते. मग रोज कशाला?

खलबत्ता
हेप्सिडिनचं खरं आहे, पण ते प्रयोग मुख्यतः गरोदर नसलेल्या बायकांवर झालेत. गरोदरपणात सरकारी कार्यक्रमातही ६० मिग्रॅची लाल गोळी रोजच आहे. ९.६ असताना आपण बसून आड करू नये.

पाटीपेन्सिल
मळमळीने गोळीच सुटण्यापेक्षा आड बरी, असं माझं मत. डॉक्टरांना विचारावं हे मान्य.

खलबत्ता
विचाराच. आणखी एक सांगायचं राहिलं. थायरॉइडचा डोस आत्तापर्यंत नाश्त्याची कॅल्शियम चालू असताना ठरलाय. ती हलवल्यावर तोच डोस जास्त लागू पडू शकतो. वेळ बदलली हे डॉक्टरांच्या कानावर घाला, टीएसएच पुन्हा कधी तपासायचं ते सांगतील. हिमोग्लोबिनही महिनाभराने बघतील. साधारण १ ने वर यायला हवं, तसूभरही हललं नाही तर वेळेपलीकडचं कारण शोधावं लागतं.

घड्याळवाली
पावणेअकराच ठरवलं, गजर लावला. रविवारी त्या ८ ला उठतात, तेव्हा?

आंबोळी
६ ला गोळी घेऊन पुन्हा झोपू दे की!