घरच्या कॉम्प्युटरवर बाबांच्या जागी बहिणीचं जीमेल उघडतं, काय करू?

डिचोलीची_मुक्ता
घरात एकच कॉम्प्युटर आहे. विंडोज, आणि सगळे क्रोमच वापरतात. धाकटी बहीण बंगळुरूला असते. चवथीला आली तेव्हा तिने यावर आपलं जीमेल उघडलं. ती परत गेली, खातं मात्र इथेच राहिलं.

बाबा आमच्या देवस्थान समितीचे खजिनदार आहेत. जमाखर्चाची गूगल शीट त्यांच्या पत्त्यावर शेअर केलेली आहे. लिंक दाबली की "You need access" येतं. त्यांनी बिनधास्त Request access दाबलं, ते अध्यक्षांकडे बहिणीच्या नावाने गेलं. अध्यक्षांचा फोन आला, "ही कोण हो हिशेब मागणारी?" एका मेलचं उत्तरही तिच्या पत्त्यावरून गेलंय.

वर उजवीकडे जाऊन बाबांचं खातं निवडलं की त्यांचं जीमेल उघडतं, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तिचंच. शिवाय वीजबिलाच्या साईटवर तिचा मोबाईल नंबर आपोआप भरून येतो.

तिचं सगळं काढायचंय, पण बाबांचे पासवर्ड जाता कामा नयेत. त्यांना एकही पाठ नाही.

पेडण्याचा_बंड्या
पाच मिनिटांचं काम. Ctrl+Shift+Delete दाब, वेळ All time ठेव, कुकीज, पासवर्ड, ऑटोफिल, सगळ्यांवर खूण कर आणि उडव. कोरी पाटी. मी तर दर महिन्याला करतो.

म्हापसा_सर्व्हिसवाला
मुक्ताताई, बंड्याचं ऐकण्याआधी थांबा. आधी एक बघून सांगा. क्रोमच्या पट्टीवर उजव्या कोपऱ्यात, तीन टिंबांच्या शेजारी एक गोल चित्र असतं. जीमेलच्या पानातलं नव्हे, ब्राउझरचं स्वतःचं. त्यावर दाबल्यावर कुणाचं नाव दिसतं, आणि सिंक चालू आहे असं दिसतं का? दुसरं, बाबांचं मेल उघडल्यावर वरच्या पत्त्यात `/u/0/` आहे की `/u/1/`?

काणकोणकर
आमच्याकडेपण हेच! टीव्हीवर यूट्यूब लावलं की नातवाची कार्टूनं येतात, माझी भजनं कुठे गेली कळत नाही. यावरपण उपाय सांगा.

डिचोलीची_मुक्ता
गोल चित्रात बहीणच आहे, सिंकही चालू आहे. बाबांच्या मेलला u/1 दिसतं, तिच्या मेलला u/0. काका, तुमचं टीव्हीचं वेगळं असावं बहुतेक.

म्हापसा_सर्व्हिसवाला
मग उलगडा झाला. २०१८ पासून क्रोममध्ये कुणी जीमेल उघडलं की नुसतं मेल उघडत नाही, ब्राउझरही त्याच खात्याने साइन-इन होऊ शकतो. पुढे तो विचारतो, सिंक चालू करू का? बहिणीने हो म्हटलं असणार. तेव्हापासून ते प्रोफाइल तिचं. गूगलच्या कुठल्याही पानाला ते मुख्य खातं वाटतं, तेच u/0. बाबा त्या घरात u/1 म्हणून राहतात. बाहेरून लिंक आली की पान आधी u/0 ने उघडतं, त्या पत्त्याला शीट शेअर नाही, म्हणून परवानगी मागतं.

आता बंड्याचा उपाय. कुकीज पुसल्या तरी साइन-इन असलेल्या क्रोममध्ये गूगलचं खातं तसंच राहतं, म्हणजे मूळ दुखणं कायम. आणि पासवर्डवर खूण केलीत तर सिंक चालू असल्यामुळे ते तिच्या खात्यातूनच पुसले जातील. तिकडे बंगळुरूला तिच्या फोनमधले पासवर्ड नाहीसे होतील.

आणखी एक गोष्ट, जी कुणी लक्षात घेत नाही. सिंक सुरू झालं तेव्हा इथे आधीपासून साठवलेले बाबांचे पासवर्डही तिच्या खात्यात मिसळले. तिला फोनवर `passwords.google.com` उघडायला सांगा. बाबांची बँक तिथे दिसेल.

डिचोलीची_मुक्ता
दिसते आहे! बँक, वीजबिल आणि पेन्शनचं काहीतरी. ती म्हणते, "मी कशाला बघतेय बाबांचं?" पण बाबा तोंड पाडून बसलेत.

म्हापसा_सर्व्हिसवाला
घाबरू नका. मी करतो तो क्रम सांगतो. काही पुसण्याआधी नवीन घर बांधायचं.

गोल चित्रावर दाबून नवीन प्रोफाइल करा, बाबांच्या खात्याने साइन-इन करा, चित्र आणि रंग एकदम वेगळा द्या. बहिणीचं निळं असेल तर बाबांचं केशरी, म्हणजे खिडकी बघताक्षणी कळतं. याच सेटिंगमध्ये डेस्कटॉपवर शॉर्टकट तयार करायचा पर्याय आहे, तो चालू करा. टास्कबारवरचं जुनं क्रोमचं चित्र काढून टाका, नाहीतर बाबा सवयीने तेच दाबतील आणि पुन्हा तिचं उघडेल. शॉर्टकटच्या Properties मध्ये Target च्या शेवटी असं काहीतरी दिसेल:

```
--profile-directory="Profile 1"
```

आकडा वेगळा असू शकतो. खात्री करायची तर बाबांच्या खिडकीत `chrome://version` उघडा, Profile Path मध्ये तेच नाव हवं.

मग बाबांचे पासवर्ड. मोजकेच असतील तर बहिणीच्या प्रोफाइलमध्ये `chrome://password-manager/passwords` उघडून एकेक बघा, विंडोजचा पिन मागेल. बाबांच्या नव्या खिडकीत त्या साईटवर लॉगिन करा आणि सेव्ह करू का विचारल्यावर हो म्हणा. सगळे एकदम बाहेर काढायची सोय आहे, पण ती फाईल साधी वाचता येणारी असते आणि डाउनलोडमध्ये विसरून राहते. मी तरी गिऱ्हाइकाच्या मशीनवर ती कधी काढत नाही. बुकमार्क मात्र `chrome://bookmarks` मधून खुशाल निर्यात करा.

सगळीकडे बाबांचं लॉगिन चालतं असं दिसल्यावरच पुढचं. क्रोमच्या प्रोफाइलच्या यादीत बहिणीच्या चित्रावरची तीन टिंबं दाबून प्रोफाइल डिलीट करा. याने या कॉम्प्युटरवरची तिची माहिती जाते, तिच्या खात्यातली जात नाही. तरी आधी तिला फोनवर विचारा, तुझे पासवर्ड `passwords.google.com` वर दिसतात ना? शेवटी बाबांच्या नोंदी तिने तिकडून हाताने पुसायच्या.

शिरोडकर_लायब्ररी
एवढं पुराण कशाला? प्रोफाइल न काढता तिचं सिंक बंद केलं की झालं.

म्हापसा_सर्व्हिसवाला
चालतं, पण अर्धंच. बंद करताना या कॉम्प्युटरवरची माहितीही पुसू का, असं तो विचारतो. नाही म्हटलंत तर दोघांचे पासवर्ड इथे एकत्र पडून राहतात. हो म्हटलंत तर बाबांचेही जातात. दोन्हीकडून ताईंचं काम होत नाही.

निशा_मडगाव
वीजबिलाच्या नंबराचं मी सांगते, कारण प्रोफाइल बदललं तरी लोक चुकून पुन्हा तोच प्रकार करून ठेवतात. रकान्यात क्लिक केल्यावर खाली नको असलेला नंबर दिसला की बाणाच्या कळीने त्यावर जा आणि Shift+Delete दाबा. तेवढीच नोंद जाते. फायरफॉक्समध्येही हेच चालतं. पण ती नोंद साठवलेल्या पासवर्डची किंवा पूर्ण पत्त्याची असेल तर असं करून जाईलच असं नाही. तेव्हा ती `chrome://settings/addresses` मध्ये किंवा पासवर्डच्या यादीत शोधावी लागते.

आणि बाबांच्या प्रोफाइलमध्ये पासवर्डच्या सेटिंगमधलं Sign in automatically बंद ठेवा. मग साईट गुपचूप आत शिरत नाही, आधी दाखवते कुणाच्या नावाने जायचं ते. सासूबाईंच्या बाबतीत याचाच सगळ्यात जास्त उपयोग झाला.

डिचोलीची_मुक्ता
आज दुपारी बसून केलं. शीट एका दमात उघडली, बाबा खूश. बुकमार्कमध्ये थोडी गंमत झाली. जुन्या जीमेलच्या बुकमार्कात u/1 होतं, नव्या प्रोफाइलमध्ये ते बाबांचंच पान दाखवेना. पत्ता u/0 केला तर चाललं.

व्हॉट्सअ‍ॅपमधून आलेली लिंक मात्र आधी एकदा बहिणीच्या खिडकीत उघडली. तिचं प्रोफाइल तेव्हा डिलीट केलं नव्हतं.

म्हापसा_सर्व्हिसवाला
बाहेरची लिंक शेवटी वापरलेल्या प्रोफाइलमध्ये उघडते. तिचं काढलं की तो प्रश्नच राहणार नाही. दिवाळीत ती आली की तिला Guest ची खिडकी उघडून द्या. बंद केली की त्यातलं लॉगिन उरत नाही.

पेडण्याचा_बंड्या
बरं, सिंकचं माझ्या ध्यानात आलं नव्हतं. माझ्या मशीनवर मी एकटाच, सिंक बंद, म्हणून चालत होतं. पण एक सांगा, प्रोफाइल वेगळं केलं तरी बाबांच्या खुर्चीवर कुणीही बसून त्यांचं केशरी चित्र दाबू शकतोच ना? मग गुप्तता कसली?

म्हापसा_सर्व्हिसवाला
हे बरोबर विचारलंस. प्रोफाइलने घोळ थांबतो, चोरी थांबत नाही. बँक त्यात असेल तर विंडोजमध्ये प्रत्येकाचा वेगळा युजर हवा, वेगळ्या पिनसह. Settings मधल्या Accounts खाली तो करता येतो.

निशा_मडगाव
मी नाही सुचवणार. वयस्कर माणूस पिन विसरतो, मग कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवतो. घरात सगळे विश्वासाचे असतील तर प्रोफाइल पुरे, बँकेचा पासवर्ड फक्त सेव्ह करू नका.

म्हापसा_सर्व्हिसवाला
भाडेकरू, शिकवणीची मुलं, दुरुस्तीवाले, घरात येणारे सगळे विश्वासाचे असतात असं मी माझ्या धंद्यात बसून म्हणू शकत नाही.

डिचोलीची_मुक्ता
ते बाबांना विचारून ठरवते. आता एकच राहिलं. समितीतले दोघे अजूनही बाबांना मेल करताना बहिणीचाच पत्ता निवडतात आणि हिशेब बंगळुरूला जातात. इथून ते थांबवता येईल का?

निशा_मडगाव
तुमच्याकडून नाही. एकदा मेलव्यवहार झाला की जीमेल तो पत्ता त्यांच्या `contacts.google.com` मध्ये Other contacts खाली ठेवतं. ज्याचं त्याने तिथून काढायला हवं. तोवर बहिणीने आलेलं मेल बाबांकडे पाठवावं आणि पाठवणाऱ्याला योग्य पत्ता कळवावा.

डिचोलीची_मुक्ता
अध्यक्षांना Other contacts समजावणार कोण? रविवारी सभा आहे, बाबांबरोबर मीच जाते.

काणकोणकर
टीव्हीचं राहिलंच की!