मालक भाडं घेत नाही, कोर्टात भरता येईल का? (मुंबई, पागडीची खोली)

सुहास_डोंबिवली

मंडळी, मदत हवी आहे. गिरगावात आमची पागडीची खोली आहे, भाडं महिना ६४० रुपये. पावती वडिलांच्या नावाने. बाबा फेब्रुवारीत गेले आणि मार्चपासून मालकाचा मेहता भाडं घेत नाही. "साहेबांना विचारून सांगतो" म्हणतो आणि पावतीपुस्तक खणात सरकवतो. मी तीनदा मनीऑर्डर केली, माझ्या नावाने. तिन्ही परत आल्या.

आता १४ ऑक्टोबरला वकिलाची नोटीस आली. आठ महिन्यांचं भाडं थकलंय म्हणे, ५१२० रुपये, नव्वद दिवसांत भरा नाहीतर खोली खाली करा. म्हणजे घ्यायचं यांनी नाही आणि थकबाकीदार मी! चाळीतले म्हणतात, पैसे कोर्टात भरून मोकळा हो. थेट जाऊन भरता येतात का? आणि भरल्यावर खोली सुरक्षित होते का?

पूर्वा_आर

डिपॉझिटचं माझंही असंच झालं. ठाण्याच्या फ्लॅटचे ६० हजार मालकाने परत केलेच नाहीत, रंगकामाचं कारण सांगून. अॅग्रीमेंट रजिस्टर असेल तर वकिलाकडून पत्र पाठवा, घाबरतात.

सुहास_डोंबिवली

ताई, ते डिपॉझिट वेगळं. इथे मालकाला पैसे द्यायचेत आणि तो घेत नाही.

गिरणगावकर

सोपं आहे. स्मॉल कॉज कोर्टात जायचं, अर्ज द्यायचा, पैसे भरायचे. एकदा भाडं कोर्टात जमा झालं की मालकाचा बाप आला तरी खोली काढू शकत नाही. आमच्या मामाने असंच केलं होतं.

करोलबागकर

दिल्लीत आम्ही हेच केलं. मालकाने नकार दिला, रेंट कंट्रोलरकडे अर्ज करून भाडं भरलं. महिना ३५०० पर्यंतच्या भाड्याला तिथला जुना कायदा लागतो आणि त्यात ही सोय आहे. महाराष्ट्रातही असणारच.

जुना_कारकून

स्मॉल कॉजला नोकरीत बरीच वर्षं काढली, म्हणून लिहितो.

करोलबागकर, दिल्लीच्या कायद्यात मालकाने नकार दिला की भाडं जमा करण्याचं कलमच आहे. आपल्या १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात तशी खिडकी नाही. काहीच दावा-अर्ज चालू नसताना तुम्ही पैसे घेऊन आलात तर कॅशियर विचारेल, केस नंबर काय? आणि चुकीच्या दारात भरलेले पैसे कामाला येत नाहीत. दिल्लीतल्याच एका भाडेकरूने भाडं भाडे कायद्याखाली न भरता पंजाबच्या कर्जनिवारण कायद्याखाली कोर्टात जमा केलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये सांगितलं, हे भाडं दिलं असं धरता येणार नाही.

आता सुहासराव, तुमचं. नोटिशीचे नव्वद दिवस म्हणजे साधारण १२ जानेवारी. तोवर थकबाकीचा दावा लागू शकत नाही. या मुदतीत वकिलामार्फत उत्तर द्या आणि सोबत पूर्ण ५१२० चा डिमांड ड्राफ्ट जोडा. अर्धवट रक्कम नको. मालकाने पाकीट नाकारलं तर ते न फोडता, पोस्टाच्या शेऱ्यासकट, तसंच ठेवा. पुढचं भाडं दर महिन्याला मनीऑर्डरने, संदेशाच्या जागेत महिना आणि खोली नंबर लिहून. "घेण्यास नकार" असा शेरा हा तुमचा पुरावा. कायदा विचारतो की भाडेकरू भाडं द्यायला तयार होता का, आणि त्याचं उत्तर हे शेरे देतात.

तरीही दावा लागलाच, तर कोर्टात भरायची वेळ तेव्हा येते. समन्स बजावल्यापासून पुन्हा नव्वद दिवस. त्यात सगळी थकबाकी, त्यावर सरळव्याज दर साल १५ टक्के, आणि कोर्ट सांगेल तो दाव्याचा खर्च. समजा फेब्रुवारीअखेर भरलंत, तर बारा महिन्यांचे ७६८० रुपये. ६४० वर महिन्याचं व्याज ८ रुपये होतं. मार्चच्या भाड्यावर बारा महिन्यांचं, शेवटच्यावर एका महिन्याचं, असं मिळून ६२४. एकूण ८३०४. एवढं भरलं की केवळ थकबाकीवरून हुकूमनामा होत नाही.

पण खरी गोची पुढे असते. दाव्याचा निकाल लागेपर्यंत भाडं नियमित भरत राहावं लागतं. माणसं पहिली रक्कम हिरिरीने भरतात, फोटो काढतात, आणि मग विसरतात. दावा बारा-पंधरा वर्षं चालतो. एकाने सात महिने भरलं नाही आणि मग एकरकमी भरलं. चलनं एकाला एक लावून समोरच्या वकिलाने फक्त तारखा वाचून दाखवल्या. १९८० मध्ये जुन्या मुंबई कायद्याखाली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंच होतं की नियमित म्हणजे ठरल्या वेळी, जमेल तेव्हा नव्हे.

वकील_माहीम

कारकून साहेबांशी बहुतांशी सहमत, एक भर घालते. दाव्याची वाट पाहायलाच हवी असं नाही. भाडेकरू म्हणून आपला हक्क जाहीर करून घेण्याचा दावा, ज्याला कोर्टात आर.ए.डी. म्हणतात, आपणच लावायचा आणि त्यात भाडं जमा करायची परवानगी मागायची. नोटिशीत अवाच्या सवा भाडं मागितलं असतं तर प्रमाण भाडं ठरवण्याचा अर्जही करता आला असता. त्यात किती रक्कम भरायची ते कोर्ट सांगतं.

जुना_कारकून

आर.ए.डी. लावता येतो, नाही कोण म्हणतं. पण ६४० रुपयांच्या भाड्यासाठी आधीच वकिलाची फी सुरू करायची? मी थांबलो असतो.

वकील_माहीम

इथे भांडण ६४० रुपयांचं नाहीच. वारसाचं नाव लागू द्यायचं नाही, म्हणून भाडं घेत नाहीत. ते आज ना उद्या कोर्टातच ठरणार.

गिरणगावकर

मग आमच्या मामाची खोली कशी वाचली?

जुना_कारकून

मामांवर आधीच दावा लागलेला असणार, विचारून पाहा. आणि "कुणी काढू शकत नाही" हे तर अजिबात खरं नाही. पैसे भरल्याने फक्त थकबाकीचं कारण जातं. मालकाला स्वतःला जागा हवी आहे, पोटभाडेकरू ठेवला, परवानगीशिवाय पक्कं बांधकाम केलं, सहा महिने जागा वापरलीच नाही, ही कारणं तशीच उभी राहतात.

सुहासराव, तुमच्या नावात डोंबिवली आहे. खोलीत राहतं कोण?

सुहास_डोंबिवली

आई आणि बाबा राहायचे. मी लग्नानंतर डोंबिवलीला. आई ८ जुलैला मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ताईकडे नाशिकला गेली, मग दुसरा डोळा, ती अजून तिथेच आहे. खोलीला कुलूप. महिन्यातून एकदा मी झाडून येतो.

जुना_कारकून

मग मनीऑर्डरी तुमच्या नावाने चुकीच्या गेल्या. बाबा गेले तेव्हा त्यांच्यासोबत राहणारी तुमची आई, म्हणून हक्क आधी तिचा. यापुढची मनीऑर्डर आणि ड्राफ्ट आईच्या नावानेच.

आणि तारखा बघा. ८ जुलैपासून सहा महिने ८ जानेवारीला होतात, नोटीस १२ ला संपते. दावा त्यानंतर लागला तर थकबाकीच्या जोडीला कुलूपही येईल. आईला दिवाळीआधी आणा.

वकील_माहीम

आजारपण हे वाजवी कारण धरलं जाऊ शकतं. ऑपरेशनचे कागद, औषधांच्या चिठ्ठ्या सांभाळा. तोवर लाईट बिलाचे युनिट शून्यावर जाऊ देऊ नका असं मात्र मी म्हणणार नाही, कारण उगाच पंखा चालू ठेवणारे अशील मी पाहिलेत आणि उलटतपासणीत ते शेजारीच सांगतात.

सुहास_डोंबिवली

आईशी बोललो. डॉक्टरांनी जिना चढायला नको सांगितलंय आणि आमची खोली तिसऱ्या मजल्यावर. ड्राफ्टचं उद्या बँकेत बघतो, आईच्या खात्यातून. परत आलेल्या तीन मनीऑर्डरींपैकी एकीच्या कागदावर पोस्टमनचा शेराच नाहीये, नुसता शिक्का आहे. पोस्टात जाऊन आता लिहून मिळतो का तो?