‘अनलेस’ म्हणजे ‘इफ नॉट’च ना? मग मिक्स्ड कंडिशनलमध्ये का चालत नाही?

सात रस्ता
आयईएलटीएसची तयारी करतेय. सरावाच्या निबंधात मी लिहिलं होतं: ‘आय वुड बी इन पुणे नाऊ अनलेस आय हॅड मिस्ड द हुतात्मा.’ तपासणाऱ्यांनी लाल रेघ मारून ‘इफ आय हॅडन्ट मिस्ड’ करून दिलं. कारण काही सांगितलं नाही. बारावीला आपण सगळ्यांनी अनलेसचं इफ नॉट आणि इफ नॉटचं अनलेस करूनच गुण मिळवलेत. माझं मत असं की दोन्ही एकच आहेत आणि ही तपासणाऱ्याची आवडनिवड आहे. ज्यांना वेगळं वाटतं त्यांनी कारणासकट सांगा.

जुळे सोलापूरकर
ताई, तुमच्या बाजूने. मी स्पर्धा परीक्षेच्या मुलांना इंग्रजी शिकवतो. अनलेस बरोबर इफ नॉट, हे समीकरण आहे. आपली मुलं चुकतात ती दुसरीकडेच. ‘जोपर्यंत तुम्ही पैसे भरत नाही’ हे डोक्यात असतं, म्हणून ‘अनलेस यू डोन्ट पे’ लिहून मोकळी होतात. नकार अनलेसच्या पोटातच आहे, वेगळा द्यायचा नाही. दुसरी चूक म्हणजे त्याच्यापुढे ‘विल’ लावणं: ‘अनलेस यू विल पे’. या दोन्ही गोष्टी तुमच्या वाक्यात नाहीत. काळही बरोबर आहेत. मग वाक्य चुकीचं कसं?

रेल्वे लाईन्स
मला तर चूक तिसरीकडेच दिसते. ‘हॅड मिस्ड’ आलं की दुसऱ्या भागात ‘वुड हॅव’ यायलाच पाहिजे. ‘वुड हॅव बीन इन पुणे’ करा, प्रश्न मिटला. अर्धं वाक्य तिसऱ्या प्रकाराचं आणि अर्धं दुसऱ्या प्रकाराचं, असली खिचडी कशाला?

विजापूर वेस
आधी रेल्वे लाईन्स यांच्यासाठी. ताईंनी ‘नाऊ’ लिहिलंय. गाडी सकाळी चुकली, पुण्यात नसणं आत्ताचं आहे. कारण मागचं आणि परिणाम आजचा, म्हणून ‘हॅड मिस्ड’सोबत ‘वुड बी’. हेच आपण मराठीत न शिकता करतो. ‘गाडी चुकली नसती तर आत्ता पुण्यात असते’ आणि ‘गाडी चुकली नसती तर दहाला मीटिंगला पोचले असते’ ही दोन वाक्यं कुणी एकमेकांत मिसळत नाही. दहा वाजून गेले असतील तर दुसऱ्या वाक्याला ‘वुड हॅव रीच्ड’ हवं. म्हणजे ‘वुड हॅव’ लावायचं की नुसतं ‘वुड’, हे परिणाम कधीचा आहे यावर ठरतं. पहिल्या भागात ‘हॅड’ आहे की नाही यावर नाही.

आता मूळ मुद्दा. जुळे सोलापूरकर सर, नकार आणि ‘विल’बद्दल तुम्ही अगदी बरोबर बोललात, पण समीकरण सगळीकडे लागू नाही. अनलेस अपवाद सांगतं. आधी एक विधान ठामपणे उभं राहतं, मग अनलेस म्हणतं की एवढी एक गोष्ट झाली तर मात्र नाही. म्हणून वाक्याचे दोन तुकडे करून बघा. ‘द लॉट विल लीव्ह ऑन थर्सडे अनलेस देअर इज अ स्ट्राइक.’ माल गुरुवारी निघेल. एकच अपवाद: संप झाला तर. व्यवस्थित बसलं.

आता ताईंचं वाक्य तोडा. मी आत्ता पुण्यात असते. एकच अपवाद: गाडी चुकली असती तर. बघा काय झालं. दुसरा तुकडा ऐकून वाटतं की गाडी चुकलीच नाही. पण ती तर चुकली आहे, सगळं वाक्य त्याचंच आहे. ‘इफ आय हॅडन्ट मिस्ड’मध्ये ‘न चुकणं’ ही पुण्यात असण्याची अट आहे. अनलेसने ती अट बाजूला पडते आणि चुकणं हा नुसता एक शक्य अपवाद उरतो. अर्थच उलटा झाला. रेघ आवडीनिवडीची नव्हती.

सात रस्ता
तुकडे केल्यावर फरक कळला. पण हे मिक्स्डमुळे होतं का? साध्या वाक्यात इफ नॉटच्या जागी अनलेस कायम चालतं ना?

विजापूर वेस
नाही. ‘आय विल बी सरप्राइज्ड इफ द पार्सल डझन्ट कम टुडे’ हे साधं, पुढच्या काळातलं वाक्य घ्या. इथे पार्सल न येणं हेच आश्चर्याचं कारण आहे. अनलेस लावलंत तर ‘मला आश्चर्य वाटेल, फक्त पार्सल आलं तर नाही’ असं होतं, म्हणजे आश्चर्य वाटायला पार्सल न येण्याव्यतिरिक्त काहीतरी कारण असल्यासारखं. नकारातली गोष्ट जिथे कारण असते तिथे इफ नॉट, जिथे ती आड येणारी गोष्ट असते तिथे अनलेस. मिक्स्डमध्ये हा घोळ जास्त होतो, कारण तिथे आपण बहुतेक वेळा घडून गेलेल्या कारणाबद्दलच बोलत असतो.

उलट्या दिशेचं मिक्स्डही बघा. आपल्याकडे सोलापूरच्या पूर्व भागात विणकरांशी बोलायचं तर तेलुगू लागतं. ‘इफ ही डिडन्ट नो तेलुगू, ही वुडन्ट हॅव अंडरस्टूड द वीव्हर्स यस्टर्डे.’ भाषा येणं कायमचं, समजणं कालचं, त्याला तेलुगू येतंय आणि काल समजलं. तिथे ‘अनलेस ही न्यू तेलुगू’ केलं तर त्याला तेलुगू येतं की नाही हे बोलणाऱ्यालाच माहीत नाही आणि तो अंदाज बांधतोय, असा वास येतो.

अक्कलकोट रोड
मी टॉवेलच्या निर्यातीच्या ऑफिसात पत्रव्यवहार बघतो. निबंधाचं मला माहीत नाही, पण आमच्याकडे एका मसुद्यात होतं: ‘वुई विल डिस्पॅच द लॉट अनलेस द ॲडव्हान्स डझ नॉट रीच अस बाय द टेन्थ.’ व्याकरणाने ते खोटं नाही, ॲडव्हान्स आला नाही तर माल जाणार नाही हाच अर्थ आहे. पण समोरचा दोन नकार सोडवत बसतो आणि घाईत उलटं वाचतो. माझं स्पष्ट मत, व्यवहाराच्या पत्रातून अनलेस काढूनच टाकावं. ‘प्रोव्हायडेड दॅट द ॲडव्हान्स रीचेस अस बाय द टेन्थ’ लिहिलं की शंका राहत नाही. ‘ॲज लाँग ॲज’ही चालतं, तेच ते.

विजापूर वेस
प्रोव्हायडेडबद्दल सहमत. पण ‘तेच ते’ म्हणू नका, कारण तुमच्याच धंद्यात ते महाग पडू शकतं. समजा भाव टिकवण्याचं पत्र आहे: ‘वुई विल होल्ड धिस प्राइस ॲज लाँग ॲज यार्न रेट्स रिमेन स्टेबल.’ ऑर्डर 12 तारखेला आली आणि सुताचे दर 20 तारखेला वाढले. जुन्या भावाने माल द्यायचा का? ‘ॲज लाँग ॲज’ने तुम्ही सांगितलंय की दर स्थिर आहेत तितके दिवस भाव टिकेल. 20 तारखेपासून तुम्ही मोकळे. खरेदीदार म्हणेल, माझी ऑर्डर तर 12 तारखेची, त्या दिवशी दर स्थिर होते.

तुमचा हेतू ऑर्डरच्या दिवसापुरता असेल तर ‘प्रोव्हायडेड दॅट’ घ्या आणि तारीखही लिहा: ‘प्रोव्हायडेड दॅट युअर ऑर्डर रीचेस अस बाय द फिफ्टीन्थ’. एकदा पोचली, अट पूर्ण झाली, पुढे काय होतंय त्याच्याशी संबंध नाही. साध्या बोलण्यात ‘ॲज लाँग ॲज’ नुसत्या अटीसाठीही येतं हे खरं, पण पाठोपाठ ‘रिमेन’सारखं चालू राहणारं क्रियापद आलं की त्यातला ‘तितका काळ’ जागा होतो. आणि विजोड ‘विल’ दोघांनाही नको. ‘प्रोव्हायडेड दॅट द ॲडव्हान्स विल रीच’ हे सोलापुरातून जाणाऱ्या पत्रांत फार दिसतं.

अक्कलकोट रोड
मग धुण्याच्या सूचनेत काय लिहायचं? आमच्या लेबलच्या मसुद्यात आहे: ‘द कलर विल रन प्रोव्हायडेड दॅट द टॉवेल इज वॉश्ड इन हॉट वॉटर.’ मला ते वाचताना काहीतरी खटकतं, पण काय ते सांगता येत नाही.

विजापूर वेस
खटकायलाच हवं. प्रोव्हायडेड आणि ॲज लाँग ॲज यांच्या मुख्य भागात कुणाला तरी हवी असलेली गोष्ट असते. रंग जाणं कुणालाच नकोय. तिथे साधं ‘इफ’ लिहा, नाहीतर वाक्य फिरवा: ‘द कलर विल नॉट रन प्रोव्हायडेड दॅट द टॉवेल इज वॉश्ड इन कोल्ड वॉटर.’

जुळे सोलापूरकर
विजापूर वेस, तुमचा अपवादाचा मुद्दा मानतो, पण एका ठिकाणी तुम्ही जास्त घट्ट बोलताय. नकारातली गोष्ट कारण असली की अनलेस बाद, असं म्हणता. मग ‘आय वुडन्ट आस्क यू अनलेस इट वॉज अर्जंट’ हे काय? हे इंग्रजांच्या तोंडी रोजचं वाक्य आहे. काम तातडीचं आहे म्हणूनच तर विचारतोय. आणि ‘आय वुडन्ट हॅव नोन अनलेस यू हॅड टोल्ड मी’ हेही मी छापलेलं वाचलंय. इथेही सांगणं घडून गेलेलं आहे.

विजापूर वेस
सर, हे वजनदार उदाहरण आहे. ‘अर्जंट’वालं वाक्य नि:संशय चांगलं आहे. फरक मुख्य भागातल्या नकारात आहे. ‘मी विचारलं नसतं. एकच अपवाद: तातडीचं असेल तर.’ नकार आणि अनलेस मिळून ‘फक्त तेव्हाच’ असा अर्थ होतो, आणि तो अपवाद खरा ठरला तरी वाक्य उलटं होत नाही. ताईंच्या वाक्यात मुख्य भाग होकारी होता, म्हणून ते कोसळलं. ‘वुडन्ट हॅव नोन’बद्दल मात्र इंग्रजी जाणणाऱ्यांतच एकमत नाही. काही जण सहज लिहितात, काहींना तिथे ‘इफ यू हॅडन्ट टोल्ड मी’च हवं असतं. मी स्वतः दुसऱ्या गटात आहे.

जुळे सोलापूरकर
मी पहिल्या. नियम एवढा आवळला की मुलं अनलेस लिहायचंच सोडतील.

सात रस्ता
मग मी वाक्य असं फिरवलं तर? ‘आय वुडन्ट बी इन सोलापूर नाऊ अनलेस आय हॅड मिस्ड द हुतात्मा.’ मुख्य भाग नकारी आहे, कारण मागचं, परिणाम आत्ताचा.

विजापूर वेस
तोडून बघू. मी आत्ता सोलापुरात नसते. एकच अपवाद: गाडी चुकली असती तर. पहिल्यापेक्षा खूप बरं, उलटं होत नाही. पण ऐकणाऱ्याला वाटेल की तुम्ही सोलापुरात का आहात याचा तर्क चाललाय. तुम्हाला नुसती सकाळची हकिकत सांगायची असेल तर इफ नॉटच ठेवा.

जुळे सोलापूरकर
माझ्या मते चालतं. मी गुण दिले असते.