मुलाखतीतले जंप कट झाकायला फूटेज कमी पडतंय, काय करू?

निशिगंध
मिरजेतल्या सतारमेकर गल्लीतल्या एका ज्येष्ठ तंबोरा कारागिरांवर आठेक मिनिटांची डॉक्युमेंटरी करतेय. मुलाखत चाळीस मिनिटांची, एकच कॅमेरा, 4K. आजोबा बोलतात झकास, पण एका वाक्यातून भलत्याच आठवणीत शिरतात आणि मग हळूच मूळ मुद्द्यावर येतात. मधलं काढलं की त्यांचं डोकं टुणकन उडतं. त्यातून अर्ध्या मुलाखतीनंतर त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि पंखा लावायला सांगितला.

कारखान्यातलं बाकीचं फूटेज जेमतेम सहा मिनिटं आहे: घोडीवर चालणारी कानस, टांगलेले भोपळे, खुंट्या, भिंतीवरचे फोटो. जिथे कट तिथे एक शॉट असं करत गेले, तर सगळं ठिगळ लावल्यासारखं दिसतंय. रिझॉल्व्हवर करतेय. कुणी सांगेल का?

भटका ट्रायपॉड
इतका विचार कशाला? कटवर Smooth Cut टाक, रिझॉल्व्ह मधल्या फ्रेम स्वतः बनवतो. मी सगळीकडे तेच वापरतो, फूटेज लागतच नाही.

कातरकाम
ट्रायपॉड, Smooth Cut चालतं, पण दोन्ही बाजूंना डोकं जवळपास त्याच जागी असेल आणि हात फ्रेमबाहेर असतील तरच. लांबीही चार-सहा फ्रेमच ठेवायची. इथे एका बाजूला चष्मा आहे, दुसऱ्या बाजूला नाही. मधल्या फ्रेममध्ये चष्मा चेहऱ्यावर विरघळताना दिसेल. ओठांजवळ तर हमखास चिखल होतो.

निशिगंध, तुमचं फूटेज कमी नाहीये, क्रम उलटा झालाय. आधी चित्राकडे बघूच नका. V1 वर मुलाखत कापत जा आणि डोळे मिटून ऐका. आठ मिनिटांची गोष्ट नुसत्या आवाजावर उभी राहायला हवी. ती राहिली की मग V2 वर शॉट चढवा. सुरुवातीपासून प्रत्येक कट झाकत बसलात, तर जे कट पुढे उडणारच आहेत त्यांच्यावरही चांगले शॉट खर्ची पडतात.

आवाज कापताना सूर बघा. समजा आजोबा म्हणाले, "जवारी लावणं म्हणजे… आमचे वडील कंदिलावर बसायचे, तेव्हा लाईट कुठली… तर जवारी लावणं म्हणजे तारेचा आवाज उघडणं." आपल्याला वाटतं पहिलं "म्हणजे" ठेवावं आणि थेट "तारेचा" जोडावं. पण पहिल्या "म्हणजे"वर सूर वर लटकलेला असतो आणि दुसऱ्या वाक्यात तो आधीच खाली आलेला. जोड कानाला टोचतो, वर कितीही सुंदर शॉट टाका. त्यापेक्षा दुसरं वाक्य "जवारी लावणं"पासून अख्खं घ्या आणि त्याआधीचा श्वास राहू द्या. श्वास खाल्ला की माणूस यंत्रासारखा बोलतो.

आता ठिगळाचं. तुमचा शॉट बहुतेक बरोबर कटावर सुरू होतो आणि सेकंद-दीड सेकंदात संपतो. बघणाऱ्याला लगेच कळतं की इथे काहीतरी लपवलंय. कानशीचा शॉट आधीचं वाक्य चालू असतानाच आणा, कट त्याच्या पोटात जाऊ द्या आणि पुढच्या वाक्याचे चार शब्द झाल्यावर चेहऱ्यावर या. एकटा शॉटही नको. आजोबा घोडीवर वाकलेले, मग कानशीचं टोक जवळून, मग तारेखाली जिवाचा दोरा सरकवणारं बोट. तीन शॉट, प्रत्येकी दोन-तीन सेकंद. आता तिथे एक काम घडताना दिसतं आणि त्या सात-आठ सेकंदांखाली दोन-तीन कट सहज खपतात. कानशीचा स्वतःचा आवाजही बोलण्याखाली बारीक ठेवा. मुका शॉट लगेच वरून चिकटवलेला वाटतो.

बंडू नाना
माझाही असाच प्रश्न आहे. काकांच्या पंचाहत्तरीच्या व्हिडिओत सगळे नातेवाईक दोन-दोन मिनिटं बोललेत. मध्ये मध्ये हारफुलं आणि केकचे शॉट टाकलेत, तरी कंटाळवाणं होतंय. स्लो मोशन केलं तर फूटेज दुप्पट होईल ना? निशिगंध यांनाही तेच उपयोगी पडेल.

कातरकाम
नाना, 50 फ्रेमवर घेतलं असेल तर 25 च्या टाइमलाइनवर अर्ध्या वेगाने नीट चालेल. 25 वरच घेतलेलं ओढलं तर अडखळतं. भोपळ्यांवरची धूळ किंवा खिडकीतलं ऊन स्लो चालतं. हातकाम नाही. कानशीचा वेग हा त्या माणसाच्या कसबाचा भाग आहे, शिवाय आवाजही हातचा जातो. तुमच्या पंचाहत्तरीला शॉट नकोत, प्रत्येकाची तीस सेकंदं ठेवा.

निशिगंध
हे पटलं. पण चष्मा आणि पंख्याचं काय?

कातरकाम
चष्म्याच्या आधीचं आणि नंतरचं सरमिसळ करू नका. एका प्रकरणात चष्मा, पुढच्या प्रकरणात बिनचष्मा, मध्ये कामाचा लांब तुकडा. कुणाच्या लक्षातही येणार नाही. एखादं वाक्य पलीकडून आणायचंच असेल तर ते पूर्ण झाकलेलं हवं, चेहरा दिसायला नको.

पंख्याबाबत लोक उलट करतात, पंखावाला भाग घासून साफ करत बसतात आणि आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा होतो. जिथे दोन्ही भाग जोडले जातात तिथे शांत भागाखाली पंख्याचा आवाज पसरवा. तुम्ही प्रश्न विचारण्याआधीच्या शांततेत तो मिळेल. जोडांवर दोन-चार फ्रेमचा क्रॉसफेड द्या.

आणि 4K आहे ना? टाइमलाइन 1080 ठेवलीत तर चेहरा जवळ घेता येतो. फक्त दहा टक्के वाढवलंत तर ती चूक वाटते. तीस-चाळीस टक्के वाढवा, डोळ्यांची उंची सांभाळा. तोही सारखा नको, मुद्दा बदलेल तिथेच.

मृद्गंधा
मला एक वेगळं खटकतं. शॉट वर टाकला की खाली काय कापलं ते बघणाऱ्याला कळतच नाही. मी शहाळेवाल्यांपासून सरपंचांपर्यंत मुलाखती कापल्यात. समजा आजोबा म्हणाले, "प्लास्टिकची घोडी मी लावत नाही, गिऱ्हाईक हटूनच बसलं तर लावतो." दुसरा अर्धा भाग उडवून वर कानस दाखवली, की त्यांच्या तोंडी खोटं घातलं. सगळे शब्द त्यांचेच असूनही. म्हणून मी काही जंप कट उघडेच ठेवते. दिसू दे कापलंय ते.

भटका ट्रायपॉड
उघडा कट म्हणजे प्रेक्षक म्हणणार एडिटरला येत नाही.

मृद्गंधा
एकच सुटा राहिला तर म्हणेल. पहिल्या मिनिटापासून तीच पद्धत ठेवली तर नाही.

कातरकाम
अर्थ बदलायचा नाही हे शंभर टक्के मान्य. अर्धवट वाक्य एकदा आजोबांनाच ऐकवावं, "मी असं म्हणालो नाही" हे ते लगेच सांगतील. पण उघड्या कटाचं मला अजून पटलेलं नाही. शांत बोलणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचं डोकं सारखं उडालं तर लक्ष बोलण्यावरून उडतं. ही ज्याची त्याची पसंती.

एक मात्र नक्की, चेहऱ्यावर काही घडत असेल तिथे शॉट टाकू नका. ते थांबले, गिळलं, खिडकीकडे पाहिलं, तर ती चार सेकंदं न कापता तशीच ठेवा.

निशिगंध
वडिलांबद्दल बोलताना नेमकं तसं आहे, आणि मी तिथे भिंतीवरचा फोटो टाकलाय. काढते. पुढच्या आठवड्यात मिरजेला परत जाणं होईल. काय काय घेऊन येऊ?

कातरकाम
नवीन विषय शोधू नका. जवारी लावण्याचं एकच काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत घ्या. लांबून, मधून, जवळून, प्रत्येक शॉट दहा सेकंद हलवायचा नाही. त्यांना मुलाखतीतलाच सदरा घालायला सांगा, नाहीतर बाही जुळणार नाही. आणि पंखा बंद करून खोलीची शांतता मिनिटभर रेकॉर्ड करा, कॅमेऱ्याच्या नव्हे, मुलाखतीला वापरलेल्या माइकवर.

बंडू नाना
तीस सेकंदांचं ऐकलं. आत्या रागावणार आहे.