मदत हवी आहे: मॅपची पिन चुकीची, पेनल्टी मात्र मला. दाद कुठे मागायची?

दोनचाकी_संत्या: मंडळी जरा मदत करा. काल रात्री एका ऑर्डरची पिन भलतीकडेच होती, तिथे पोचलो तर कस्टमरचाच फोन आला की अहो तिकडे नाही, मागच्या गल्लीत या. गेलो, पार्सल हातात दिलं, तिथेच 'डिलिव्हर्ड' दाबलं. सकाळी बघतो तर ऑर्डरचे सगळे पैसे कापलेले, कारण काय तर 'नियमभंग', बस्स. सपोर्टला बॉट, तो तेच ते पर्याय दाखवतो आणि काहीही दाबा, तिकीट बंद. माणूस कुठे गाठायचा?

पावसाळी_रायडर: रेटिंगचं विचारूच नका, मला उशिराबद्दल एक स्टार मिळाला, हॉटेलनेच पार्सल उशिरा दिलेलं. कसं वाढवायचं कोणी सांगेल का?

जुनी_बॅग: पावसाळी, त्याचा प्रश्न रेटिंगचा नाहीये रे. संत्या, बहुतेक असं झालंय: बटण दाबताना तुझा जीपीएस पिनपासून लांब होता, सिस्टिमने आपोआप शंका धरली, त्यात कस्टमरने 'मिळालं नाही' टाकलं असेल तर संपलंच. रेटिंगच्या पर्यायातून जाऊ नकोस, तिथे बॉटच बसलाय. 'पेमेंट कमी आलं' मधून जा, पैशाचा हिशोब असला की माणसाकडे जायची शक्यता जास्त, निदान माझा अनुभव तरी तसा. ऑर्डर नंबर, वेळ, पिन कुठे होती आणि घर कुठे, इतकंच लिही. रडगाणं नको. आणि कुठल्या नियमाचा भंग, ते लेखी माग. रोज नवीन तिकीट टाकू नकोस, डुप्लिकेट म्हणून बंद करतात, जुन्यालाच रिप्लाय दे.

कायदा_बघा: आता कायदा आलाय ना, 14 दिवसांची नोटीस दिल्याशिवाय काही करता येत नाही. सरळ केस टाक.

जुनी_बॅग: तो कर्नाटकचा 2025 चा कायदा, सगळीकडे लागू नाही. आणि ते 14 दिवस काम कायमचं बंद करण्याआधीचे आहेत, पेनल्टीला ते धरून चालणार नाही.

दोनचाकी_संत्या: दादा, पण फोन कस्टमरने त्याच्या स्वतःच्या नंबरवरून केलेला, ॲपमध्ये नोंदच नाही. मग?

जुनी_बॅग: तिथेच गोची आहे. कॉल लिस्टचा स्क्रीनशॉट जोड, पण त्यात कॉल झाला एवढंच दिसतं, काय बोलणं झालं ते नाही. पुढच्या वेळी असा फोन आला की ॲपच्या चॅटमध्ये एक ओळ टाकायची, 'तुम्ही सांगितलेल्या पत्त्यावर येतोय', आणि त्याचं 'हो' येईपर्यंत गाडी हलवायची नाही. दारावरचा नंबर दिसेल असा फोटो काढ, मगच बटण.

पावसाळी_रायडर: आणि चॅटला उत्तरच नाही आलं तर? घड्याळ तर पळतच असतं, मग उशिराची पेनल्टी.

जुनी_बॅग: ते आहेच. मी तरी उशीर पत्करतो, पूर्ण ऑर्डरचे पैसे जाण्यापेक्षा परवडतं.

दोनचाकी_संत्या: पेमेंटमधून टाकलं तिकीट. अजून तरी बंद झालेलं नाही, बघू.