पंचाविना फाउल कसा मिटवायचा

"आठवीच्या मिश्र वर्गात अल्टिमेट फ्रिस्बी खेळताना मुली धक्का लागला तरी गप्प राहतात, मुलं ओरडून डिस्क घेतात. पंच नेमू का?"

सर, पंच नेमू नका. धक्क्यांचं मूळ बहुधा फेकीत असतं. डिस्क डगमगत, तरंगत गेली की चार जण खाली जमतात आणि झोंबाझोंबी होते. अंगठा वर, बोटं कडेखाली मुडपून घट्ट, आणि सोडताना मनगटाचा झटका. भोवऱ्यासारखी गिरकी मिळाली तरच ती स्थिर जाते. बाहेरची कड किंचित खाली ठेवायला सांगा. आमच्या अमळनेरच्या उघड्या मैदानावर वारा सुटला की हे शिकवणं अवघड, म्हणून सकाळचाच तास घ्या.

आता फाउल. झेलताना मुलीच्या हाताला धक्का लागून डिस्क पडली, तर 'फाउल' तिनंच म्हणायचं, बाजूच्यांनी नाही. खेळ थांबतो. धक्का देणाऱ्यानं मान्य केलं तर डिस्क तिला. नाकारलं तर ज्यानं फेकली त्याच्याकडे परत. म्हणजे आरडाओरडा करून डिस्क मिळतच नाही, हे मुलांना लवकर कळतं. मुलींसाठी मी आधी जोडीनं हाच प्रसंग मुद्दाम घडवून मोठ्यानं 'फाउल' म्हणायला लावते. सामन्यात मग आवाज निघतो.